चिठ्ठीआधी वही उघड

चि. भाचीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू दोन मुलांबद्दल विचारलंस. तिसरीतली एक मुलगी फळ्याकडे बघताना डोळे बारीक करते आणि दुसरीतल्या एका मुलाला सांगितलेलं अर्धंच पोचतं. दोघांच्याही घरी कळवायचं आहे, पण आईबाप दुखावतील, ‘बाईंनी आमच्या लेकराला नावं ठेवली’ म्हणतील, अशी तुला धास्ती वाटते. ती खोटी नाही. तरी चिठ्ठीचे शब्द जुळवत बसण्याआधी एक काम कर. त्या दोघांच्या वह्या घरी आण आणि सावकाश बघ. चिठ्ठीत काय लिहायचं ते निम्मं तिथंच सापडेल.

मुलीच्या वहीत दोन तऱ्हेचं लिखाण शोध. एक पुस्तकात बघून उतरवलेलं आणि एक फळ्यावरून उतरवलेलं. पुस्तकातलं नीट आणि फळ्यावरचं चुकलेलं असेल, तर तिला लांबचं धूसर दिसत असावं अशी शंका घ्यायला जागा आहे. चुका कोणत्या आहेत तेही बघ. धूसर दिसणारं मूल अक्षराचा ढोबळ आकार पकडतं आणि त्यातला बारीक फरक त्याच्या हातून निसटतो. ‘घर’चं ‘धर’ होतं, ‘भात’चा ‘मात’ होतो, ‘चिंच’वरचा अनुस्वार उडतो, ४९ चे ४१ होतात. ज्या मुलाची अक्षरओळखच कच्ची आहे त्याच्याही अशा चुका होतात, पण ते पुस्तकातून उतरवतानाही तसंच चुकतं. आणखी एक खूण म्हणजे, शेजारची मैत्रीण गैरहजर असते त्या दिवशीचं पान रिकामं किंवा अर्धवट असतं. इतर दिवशी ती फळ्यावरून उतरवतच नसते, मैत्रिणीच्या वहीतून उतरवत असते. तारखा हजेरीशी ताडून बघ.

डोळे बारीक करणं ही बऱ्याच शिक्षकांना खोड वाटते आणि ते ‘नीट डोळे उघडून बघ’ म्हणून दटावतात. पापण्या जवळ आणल्या की मधल्या अरुंद फटीतून थोडाच प्रकाश आत जातो आणि धूसर चित्र जरा रेखीव होतं. मूल हा उपाय आपल्या आपण शोधून काढतं. तो करू नको म्हटलं तर त्याला दिसत होतं तेवढंही दिसेनासं होईल. म्हणून टोकू नकोस. ती कधी तसं करते तेवढं मात्र टिपून ठेव. फक्त फळ्याकडे बघताना, की मैदानावर उन्हातही? उन्हात सगळेच करतात. डोळे लाल असतील, ती सारखी चोळत असेल, तर खाज किंवा ॲलर्जी असू शकते. तीही डॉक्टरांना दाखवायची गोष्ट आहे, पण वेगळी.

आता तू न विचारलेलं एक सांगते, कारण ते जास्त नडतं. एक डोळा चांगला आणि एक कमजोर असलेलं मूल काहीच करत नाही. ते डोळे बारीक करत नाही, तक्रार करत नाही, शेवटच्या बाकावरूनही फळा वाचतं, कारण चांगला डोळा दोघांचं काम करतो. मेंदू हळूहळू कमजोर डोळ्याकडून येणारं चित्र बाजूला टाकायला लागतो. याला आळशी डोळा म्हणतात. यात नुसता चष्मा पुष्कळदा पुरत नाही, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून कमजोर डोळ्याला कामाला लावावं लागतं. हा उपचार सातआठ वर्षांच्या आत सुरू झाला तर उत्तम लागू पडतो, पुढे वय वाढेल तसा त्याचा गुण कमी होत जातो. म्हणजे पहिली-दुसरीचा वर्ग ज्याच्या हातात आहे, त्याच्याच हातात हे आहे. अशी मुलं वागण्यावरून ओळखता येत नाहीत. त्यासाठी सगळ्या वर्गाची तक्त्यावर तपासणी करावी लागते.

शाळेत ‘ई’चा तक्ता असेल तर शोधून काढ. इंग्रजी ‘ई’ अक्षर, त्याचे दाते कधी वर, कधी खाली, कधी उजवीकडे, कधी डावीकडे. मुलाला अक्षर वाचता येण्याची गरज नसते, दाते कुठल्या बाजूला ते त्यानं हातानं दाखवायचं. तक्ता मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, चांगल्या उजेडात लाव. ६ मीटर, म्हणजे जवळपास वीस फूट, टेपनं मोजून खडूनं रेघ आख. पावलांनी मोजू नकोस. काही तक्ते ३ मीटरसाठी छापलेले असतात, ते त्यावरच लिहिलेलं असतं. एका वेळी एकच डोळा तपासायचा, दुसरा तळहाताच्या खळग्यानं झाकायचा. बोटांनी झाकला तर मूल फटीतून बघतं आणि डोळा दाबून धरला तर मग त्या डोळ्याची पाळी आली की त्यानं थोडा वेळ धूसर दिसतं. ज्याला चष्मा आहे त्याला चष्मा लावूनच तपास. रांगेतली बाकीची मुलं दाराबाहेर ठेव, नाहीतर चौथ्या मुलापर्यंत सगळ्यांचं पाठ झालेलं असतं. आपल्याकडच्या शालेय नेत्रतपासणीत ६/९ ची ओळ धरतात. ती एका जरी डोळ्यानं नीट सांगता आली नाही तरी मुलाला पुढे पाठवायचं. तुझं काम तिथं संपतं. नंबर किती, कशामुळे, हे तू सांगायचं नाहीस, अंदाजानंही नाही.

आता मुलाकडे वळू. त्याची श्रुतलेखनाची वही घे. कानाच्या चुका डोळ्यांच्या चुकांहून वेगळ्या असतात. तिथं ‘घ’ आणि ‘ध’ची गल्लत नसते, ऐकायला जवळची असलेली अक्षरं एकमेकांच्या जागी येतात. ‘पाट’चा ‘काट’, ‘खत’चा ‘कत’, ‘गोष्ट’ची ‘गोट’. स्वर सहसा बरोबर असतात, कारण ते मोठे आणि लांब असतात. हलक्या आवाजाची व्यंजनं हरवतात. तेच शब्द पुस्तकातून उतरवायला दे. बरोबर आले, तर शंका कानाकडे जाते. वर्गात तो तेरावं पान म्हटलं की तेविसावं उघडत असेल, ‘वही काढा’ म्हटल्यावर सगळे काय काढतात ते बघून मग आपलं दप्तर उघडत असेल, तर तेही लिहून ठेव.

माझ्या वर्गात असाच एक मुलगा होता. त्याची आजी म्हणायची, “त्याच्या मनात असलं की सगळं ऐकू येतं त्याला.” आणि ते तिच्या दृष्टीनं अगदी खरं होतं. काही आठवडे तो ठीक असायचा, प्रश्नांची उत्तरं द्यायचा. मग पावसाळ्यात सर्दी झाली की पुढचे कित्येक दिवस हाक मारली तरी बघायचा नाही. घरच्यांनी हट्टी ठरवला, वर्गात आळशी ठरला. मी त्याच्या श्रुतलेखनाच्या पानांवरच्या तारखा आणि त्याच्या गैरहजेरीचे दिवस शेजारी शेजारी मांडले. सर्दीतापानं घरी राहून परत आला की पुढच्या पानांवर चुकांची गर्दी, आणि मधल्या काळात तेच मूल दहापैकी आठ-नऊ शब्द बरोबर लिहीत होतं. तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायचा, रात्री घोरतो असं आजीनंच बोलता बोलता सांगितलं. मागच्या बाकावरचं आवाजाचं भांडण त्याला कळायचं, पण माझी फळ्याकडे तोंड करून दिलेली सूचना कळायची नाही.

तपासणीत निघालं ते असं. कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते आणि एक नळी तिला नाकाच्या मागच्या बाजूशी जोडते. सर्दीनं किंवा नाकामागची गाठ वाढल्यानं ती नळी नीट उघडत नाही आणि पोकळीत चिकट पाणी साठतं. पडदा हलत नाही, म्हणून आवाज आत कमी पोचतो. कान दुखत नाही, वाहत नाही, बाहेरून काही दिसत नाही. दोन्ही कानांत बोटं घालून कुणाचं बोलणं ऐकून बघ, साधारण तसं त्या मुलाला ऐकू येत असतं. आवाज येतो, शब्द फुटत नाहीत. आणि पाणी कमी-जास्त होतं, म्हणून ऐकणंही कमी-जास्त होतं. बाहेरून ते हुबेहूब हट्टासारखं दिसतं. लहान मुलांत हे फार आढळतं, आणि ‘मनात असलं की ऐकतो’ हे वाक्य कानावर आलं की मी आधी सर्दीबद्दल विचारते.

कानाचा तुझ्यापुरता एक साधा पडताळा आहे. वर्ग शांत असताना, तो लिहिण्यात गुंतलेला असताना, त्याच्या मागे पाचसहा पावलांवर उभी राहून रोजच्या आवाजात त्याला हाक मार. टाळी वाजवू नकोस, बाक ठोकू नकोस. टाळीचा आवाज मोठा असतो आणि बाकाचा हादरा अंगाला जाणवतो. हे वेगवेगळ्या दिवशी, कधी डाव्या अंगानं तर कधी उजव्या अंगानं कर. एकाच बाजूनं कळत नसेल तर तो मान वळवून चांगला कान पुढे करतो, तेही दिसेल. मात्र त्याला हाक ऐकू आली म्हणून कान ठीक आहे असं धरू नकोस. नाव हा सगळ्यात ओळखीचा शब्द असतो, अर्धा ऐकला तरी कळतो. हाकेला ओ दिली आणि श्रुतलेखन चुकतंच आहे, तरीही तपासणीला पाठव.

सूचना न कळण्याची दुसरीही कारणं असतात, ती एकदा मनाशी तपासून घे. घरची बोली वेगळी आहे का? पावरी, भिली, गोरमाटी बोलणाऱ्या घरातलं मूल पहिली-दुसरीत प्रमाण मराठीतली लांब सूचना ऐकतं पण समजत नाही. त्याला त्याच्या बोलीतल्या सोबत्याकडून तेच सांगून बघ, लगेच करेल. रात्री उशिरा झोपतं का, सकाळी काही खाऊन येतं का? आणि एक गोष्ट जपून बघ. मूल बोलता-लिहिता मध्येच काही सेकंद एकटक बघत राहतं, हाताला हात लावला तरी भानावर येत नाही, मग जणू काही झालंच नाही असं पुढे लिहायला लागतं, असं वारंवार होत असेल तर ते फिटचाही एक प्रकार असू शकतं. तेव्हा कानाच्या तपासणीची चिठ्ठी पुरणार नाही. पालकांना बोलावून जे दिसलं ते जसंच्या तसं सांग आणि बालरोगतज्ज्ञांकडे न्यायला सांग.

काही वेळा आठवडाभर निरीक्षण करत बसायचं नसतं. डोळ्याच्या बाहुलीत पांढरं दिसलं, डोळा अचानक तिरळा झाला, डोळ्याला मार लागला, सकाळी डोकं दुखून उलट्या होतायत, कानामागे सूज आणि ताप आहे, कालपर्यंत ऐकणाऱ्या मुलाला आज ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी घरी फोन कर. चिठ्ठीनं वेळ जातो.

आता चिठ्ठी. मुलीच्या घरी मी लिहिली असती ती अशी:

‘सप्रेम नमस्कार. आपली मुलगी वर्गात मन लावून काम करते, तिचं वाचन चांगलं आहे. गेल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की फळ्यावरचं वाचताना ती डोळे बारीक करते. पुस्तकातून उतरवलेलं तिचं बरोबर असतं, फळ्यावरून उतरवताना काही अक्षरं चुकतात. दोन्ही पानं सोबतच्या वहीत खूण करून ठेवली आहेत, आपण बघावीत. यामागे काय आहे ते मला सांगता येणार नाही, ते डॉक्टरच सांगू शकतील. एकदा तिचे डोळे तपासून घ्यावेत अशी विनंती आहे. उपजिल्हा रुग्णालयात डोळ्यांची तपासणी होते. जाण्याआधी कोणत्या दिवशी जायचं ते मी विचारून कळवते. तोपर्यंत मी तिला पहिल्या बाकावर बसवलं आहे. काही शंका असल्यास शाळा सुटल्यावर कधीही भेटा.’

यातलं एकेक वाक्य कशासाठी आहे ते सांगते. पहिलं वाक्य खरं असलं पाहिजे. त्या मुलीचं वाचन चांगलं नसेल तर वाचनाबद्दल लिहू नकोस, दुसरं काही चांगलं असेलच, ते शोध. मग आलं पाहिलेलं. कुठं, कधी, काय करताना. ‘तिला कमी दिसतं’ असं लिहिलंस की तो तुझा निवाडा झाला, आणि निवाड्यावर घरचे वाद घालतात: ‘टीव्ही तर नीट बघते.’ वहीची दोन पानं समोर ठेवलीस की वाद घालायला काही उरत नाही. ‘चष्मा’ हा शब्द मी मुद्दाम गाळला आहे. आजही कित्येक घरांत मुलीला चष्मा लागला म्हटलं की आजीच्या डोळ्यांसमोर थेट तिचं लग्न उभं राहतं. तपासणीनंतर चष्म्याचं बोलणं डॉक्टर करतील. तुझ्या चिठ्ठीत मागणी एकच हवी: एकदा तपासून घ्या. त्यातच अभ्यास, मोबाइल, उशिरा येणं असल्या तक्रारी कोंबल्यास तर पालक त्या तक्रारींना उत्तर देतील आणि तपासणी राहून जाईल.

मुलाच्या घरी लिहिताना मांडणी हीच ठेव, दोन गोष्टी बदल. ‘बहिरा’, ‘ऐकू येत नाही’ हे शब्द लिहू नकोस. ‘सर्दी होऊन गेल्यावर काही दिवस माझं बोलणं त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही असं दिसतं’ एवढंच लिही. चष्म्यापेक्षाही कानाबद्दलचं बोलणं लोकांच्या जास्त जिव्हारी लागतं. आणि एक वाक्य वाढव: ‘डॉक्टरांना दाखवेपर्यंत कानात काही घालू नये.’ आपल्याकडे कान म्हटलं की लसणाचं कोमट तेल येतं, पिन येते, काडी येते. पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन कान वाहायला लागतो. काडीनं मळ बाहेर येत नाही, आत ढकलला जातो. हे वाक्य उपदेशाच्या सुरात नको, डॉक्टरांनी तपासताना कान आहे तसा दिसावा म्हणून, असं लिही. लोक ऐकतात.

चिठ्ठी कुणाच्या हाती पडणार ते आधी बघ. मुलाच्या दप्तरातून दिलेली उघडी चिठ्ठी घरी पोचेपर्यंत चार पोरांनी वाचलेली असते आणि दुसऱ्या दिवशी त्याला नाव पडलेलं असतं. पाकिटात घाल, चिकटव. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर तर एक अक्षरही नको. आई-वडील ऊसतोडीला गेले असतील आणि घरी आजी-आजोबाच असतील, तर चिठ्ठी ठेव आणि शाळा सुटताना आजीशी बोल. तिला वाचता येत नसेल तर तीच चिठ्ठी तिच्याशेजारी बसून वाचून दाखव आणि वहीची पानं दाखव. पानांवर लाल शाईनं केलेल्या खुणा निरक्षर माणसालाही कळतात. इकडे कमी, तिकडे जास्त.

कुठं जायचं हे चिठ्ठीत स्पष्ट नसेल तर बहुतेक घरं थबकतात. डोळ्यांसाठी बरेच जण थेट चष्म्याच्या दुकानात जातात, तिथल्या यंत्रावर नंबर काढून घेतात. मोठ्या माणसाचं त्यावर भागतं. मुलाच्या डोळ्यातलं भिंग लवचीक असतं, ते तपासतानाही आपल्या आपण ताण घेतं आणि नंबर चुकीचा येतो. म्हणून डॉक्टर डोळ्यांत थेंब घालून, बाहुली मोठी करून मग तपासतात. त्या थेंबांनी जवळचं धूसर दिसतं आणि उजेड डोळ्यांवर येतो, कुठल्या थेंबाचा असर एखादा दिवस, कुठल्याचा बरेच दिवस राहतो. हे पालकांना आधी सांगितलं नाही, तर ‘डॉक्टरकडे नेलं आणि पोरीला दिसेनासं झालं’ म्हणून गावभर होतं. परीक्षेच्या आठवड्यात तपासणी ठेवू नका असंही कळव.

कानासाठी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आधी कान बघावा लागतो. कधी नुसता मळ निघतो आणि काम होतं. नाहीतर पडद्यावर हवेचा हलका दाब देऊन तो किती हलतो ते बघतात, आणि मग ऑडिओमेट्री. मूल हेडफोन लावून बसतं आणि बारीक आवाज आला की बटण दाबतं किंवा हात वर करतं. यातलं काहीही दुखत नाही, सुई नाही. मुलाला हे आदल्या दिवशी तूच सांग, बटण दाबण्याचा खेळ वर्गात एकदा खेळून घे. घाबरलेलं मूल आवाज ऐकूनही बटण दाबत नाही आणि तपासणी वाया जाते. सगळ्या तालुक्यांच्या ठिकाणी ही सोय नसते, तेव्हा जिल्हा रुग्णालयात पाठवावं लागतं.

खर्चाचा आणि बुडणाऱ्या रोजगाराचा विचार पालक बोलून दाखवणार नाहीत, तो तूच कर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतं, त्यात डोळे आणि कान दोन्ही आहेत. मुख्याध्यापकांकडून तारीख विचार. महिन्याभरात येणार असेल तर आपली यादी आधीच तयार ठेव आणि त्या मुलांच्या वह्या पथकातल्या डॉक्टरांपुढे ठेव. त्यांना एका दिवसात सगळी शाळा बघायची असते, मुलामागे मिनिटंच मिळतात. तुझं आठवडाभराचं निरीक्षण त्यांना तिथं आयतं मिळतं. पथकानं पुढे पाठवलं तर सरकारी रुग्णालयात त्या कागदाचा उपयोग होतो, आणि चष्मा लागलाच तर शाळेतल्या मुलांना मोफत चष्मा देण्याचीही योजना आहे. तारीख लांब असेल तर मात्र वाट बघत बसू नका.

दोन आठवडे उत्तर आलं नाही तर रागावू नकोस. दुसरी चिठ्ठी पहिलीपेक्षा लहान असू दे: ‘तपासणीचं जमलं का? न जमल्यास अडचण कळवा, मार्ग काढू.’ पुष्कळदा अडचण निघते ती गाडीभाड्याची, नाहीतर ‘केस पेपर काढायला कुठं उभं राहायचं ते माहीत नाही’ एवढीच. तालुक्याला जाणारं दुसरं कुणी पालक असेल तर जोडून दे. ‘लहान आहे, होईल ठीक’ असं उत्तर आलं तर भांडू नकोस. महिन्याभरानं नवी दोन पानं घेऊन पुन्हा भेट.

तपासणी होऊन आली की तुझं दुसरं काम सुरू होतं. मुलीला चष्मा लागला तर पहिला आठवडा महत्त्वाचा. तो दप्तराच्या तळाशी जातो का, मधल्या सुट्टीनंतर डोळ्यांवर नसतो का, हे बघ. चिडवणारा एखादा असेल तर त्याला एकट्याला बाजूला घेऊन बोल, सगळ्या वर्गापुढे चष्म्यावर भाषण नको. घरून ‘सारखा लावला तर नंबर वाढतो’ असं सांगून पाठवतात. नंबर वाढतो तो डोळा वयाबरोबर लांबत जातो म्हणून, चष्मा लावल्यानं वाढत नाही. हे डॉक्टरांच्या तोंडून पालकांना ऐकवता आलं तर उत्तम. वर्षातून एकदा पुन्हा तपासणी लागते, मूल वाढतं तसा नंबरही बदलतो.

माझ्या वर्गातल्या त्या मुलाला डॉक्टरांनी तीन महिने थांबून पुन्हा बोलावलं. पडद्यामागचं पाणी पुष्कळदा या मुदतीत आपल्या आपण ओसरतं. नाही ओसरलं तर पडद्यात बारीक नळी बसवणं, नाकामागची गाठ काढणं, असे उपाय ते ठरवतात. घरच्यांना वाटलं, औषध नाही, काही नाही, म्हणजे काही झालेलंच नाही. पण त्या तीन महिन्यांत त्याला वर्गात कमीच ऐकू येणार होतं आणि शाळा रोज चालू होती. मी त्याला पुढे बसवला, खिडकी आणि पंखा यांच्यापासून लांब. सूचना फळ्याकडे तोंड करून द्यायची नाही, आधी त्याच्याकडे बघायचं, मग बोलायचं. ओरडायचं नाही, ओरडल्यानं स्वर मोठे होतात, व्यंजनं तशीच राहतात. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगायचं: ‘तेरावं पान’ कळलं नाही तर ‘एक-तीन, बेडकाचं चित्र’. ‘कळलं का?’ असं विचारायचं नाही, मूल हो म्हणतं. ‘काय करायचंय सांग बरं’ असं विचारायचं. आणि श्रुतलेखन त्याच्या बाकाजवळ उभं राहून घ्यायचं. फेरतपासणीची तारीख मी माझ्या टाचणवहीत लिहिली होती, कारण मूल बरं वागायला लागलं की घरचे ती विसरतात. त्याचं पाणी ओसरलं होतं. पण पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तसंच झालं तर काय, हे त्याच्या पुढच्या वर्गाच्या बाईंना माहीत असायला हवं होतं, म्हणून श्रुतलेखनाची ती पानं आणि डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स मी त्यांच्या हातात दिली.

तुझ्या दोघांच्या वह्या आधी बघ. मग चिठ्ठीचा मसुदा मला पाठव, रविवारी वाचून ठेवते.

तुझी आत्या